गटप्रकल्पाचा विषय दृष्टिहीन किंवा कर्णबधिर सहाध्यायीसाठी कसा बदलावा: पेठांतील पाट्यांचे उदाहरण

पुण्यात मराठी शिकवताना दर एक-दोन वर्षांनी एखादा तरी गट ‘पेठांतील पाट्या’ हा विषय घेऊन येतो. काही वर्षांपूर्वी पाच जणींच्या गटाने तो घेतला. त्यांतील एक विद्यार्थिनी पूर्णपणे दृष्टिहीन होती. चौघींनी छायाचित्रे काढली, त्यांचे तक्ते तयार केले, आणि सादरीकरणाच्या दिवशी पाचवीने आभार मानले. गुण पाचही जणींना सारखेच मिळाले. ते देणारी मीच होते. दोन दिवसांनी ती मुलगी मला म्हणाली, “मॅडम, आमच्या प्रकल्पात एकूण पाट्या किती होत्या, ते मला सादरीकरणातच कळलं.” गटातील कोणीही तिच्याशी वाईट वागले नव्हते. तिला सोबत घेऊन जायचे, तिला चहा पाजायचा, तिची काळजी घ्यायची, हे सगळे त्यांनी केले होते. मात्र विषयाचा प्रश्नच अशा रीतीने बांधला होता की, त्याचे उत्तर डोळ्यांखेरीज अन्य मार्गाने शोधता येणार नव्हते. त्यामुळे काम वाटून घेताना तिच्या वाट्याला आभारप्रदर्शनाखेरीज काही उरलेच नाही.

त्यानंतर हाच विषय दोन गटांबरोबर नव्याने बांधला. एका गटात दृष्टिहीन विद्यार्थिनी होती, तर दुसऱ्यात कर्णबधिर विद्यार्थी. त्या दोन्ही वेळी काय केले, कोणत्या क्रमाने केले आणि कुठे अडले, ते पुढे सविस्तर लिहिते. विषय पाट्यांचा असला तरी मांडणी तुमच्या विषयाला लावून पाहता येईल.

आधी विचारणे, आणि नेमके विचारणे

विषय ठरण्याच्या आधी, म्हणजे गटाच्या पहिल्याच बैठकीत, त्या सहाध्यायीला विचारावे. “तुला काय मदत लागेल?” असा मोघम प्रश्न विचारला की “काही नाही, मी करीन” असे मोघमच उत्तर येते. प्रश्न कामाविषयी असावेत. ती वाचते कशाने: ब्रेलने, संगणकावरील आवाजाने, मोबाइलवर, की मोठ्या अक्षरांत? अंधुक दिसत असेल तर अक्षरे किती मोठी हवीत, पांढऱ्यावर काळी की काळ्यावर पांढरी, आणि भर उन्हात दिसणे आणखी कमी होते का? मराठी टंकलेखन ती स्वतः करते की बोलून करते? कर्णबधिर मित्राच्या बाबतीत विचारावे की तो भारतीय सांकेतिक भाषेत बोलतो, ओठ वाचतो, श्रवणयंत्र वापरतो, की लिहून बोलणे पसंत करतो. आणि श्रवणयंत्र असेल तर गर्दीच्या जागी त्याचा उपयोग होतो का. यांतील एकाही गोष्टीचे उत्तर बाहेरून पाहून ओळखता येत नाही.

आणखी एक गोष्ट पहिल्याच बैठकीत स्पष्ट करून घ्यावी. अशा वेळी गटातील कोणीतरी चांगल्या भावनेने सुचवते की, मग आपण ‘दृष्टिहीनांच्या समस्या’ हाच विषय घेऊ या. असे झाले की सहाध्यायी अभ्यासक राहत नाही, तीच अभ्यासाची वस्तू होते. तिने स्वतःहून सुचवले तरच तो विषय घ्यावा. इतरांनी तो तिच्यासमोर ठेवूही नये, कारण सर्वांसमोर नाही म्हणणे तिला अवघड जाते.

विषय कोणत्या इंद्रियावर उभा आहे, ते पाहणे

एका कागदावर प्रकल्पाचे टप्पे एकाखाली एक लिहावेत: विषय ठरवणे, माहिती गोळा करणे, नोंद करणे, मोजणे आणि अर्थ लावणे, लिहिणे, सादर करणे. प्रत्येक टप्प्यासमोर ते काम डोळ्यांनी होते, कानांनी होते की हातांनी होते, ते लिहावे. जिथे एकच इंद्रिय येते आणि ते तुमच्या सहाध्यायीला उपलब्ध नाही, तिथे खूण करावी.

आमच्या जुन्या प्रकल्पाला ही कसोटी लावली, तेव्हा पहिला टप्पा सोडून बाकी सगळीकडे ‘डोळे’ असे आले. कारण त्या गटाचा प्रश्न होता, ‘पाट्यांवरील अक्षरांची वळणे आणि रंगसंगती’. अशा वेळी प्रत्येक टप्प्यावर वर्णन करून सांगण्याची सोय केली तरी ती मुलगी कायम दुसऱ्याच्या डोळ्यांवर अवलंबून राहते; तिला ऐकता येते, पण वाद घालता येत नाही. दोनच टप्प्यांवर खूण आली तर त्या टप्प्यांची पद्धत बदलून काम भागते. तीन-चार टप्प्यांवर आली तर प्रश्नच बदलावा लागतो.

प्रश्न फिरवणे

विषय टाकून देण्याची गरज क्वचितच पडते. पाट्या त्याच ठेवून आम्ही प्रश्न असा केला: मनाई करणाऱ्या पाट्या कोणत्या क्रियारूपांनी मनाई करतात, आणि मनाई करणारा माणूस वाक्यात दिसतो की नाही?

मराठीत या प्रश्नाला भरपूर वाव आहे. ‘गाडी लावू नका’ हे समोरच्या माणसाला उद्देशून म्हटलेले आहे. ‘गाडी लावू नये’ हे कोणालाच उद्देशून नाही. तो जणू सर्वांना लागू असलेला नियम आहे. ‘गाडी लावण्यास सक्त मनाई आहे’ यात लावण्याच्या क्रियेचे नाम झाले आहे आणि मनाई कोणाची, हे गुलदस्त्यातच आहे. ‘लावल्यास हवा सोडण्यात येईल’ यात तर शिक्षा ठरलेली आहे, पण हवा सोडणारा हात वाक्यात कुठेच नाही. हा सगळा ऐवज मजकुरात आहे, आणि मजकूर ऐकून, ब्रेलमध्ये किंवा पडद्यावर, कसाही वाचता येतो.

बदललेल्या प्रश्नाला दोन कसोट्या लावाव्यात. पहिली अशी की, गटातील सर्वांना दिसत असते किंवा ऐकू येत असते, तरीही हा प्रश्न घेण्याजोगा ठरला असता का? नसता, तर तुम्ही विषय सोपा केला आहे, आणि ते तिलाही समजते. दुसरी कसोटी माझ्या मते अधिक महत्त्वाची आहे. ती घरी एकटी बसून गोळा केलेल्या सामग्रीवरून गटाचा एखादा निष्कर्ष खोडून काढू शकेल का? ‘नये’ची रूपे जास्त आहेत, असे कोणी म्हणाले, तर ती स्वतः मोजून ‘नाहीत’ असे म्हणू शकते. ‘लाल अक्षरे उठून दिसतात’ या विधानावर तिला तसे म्हणता येणार नाही.

यात काहीतरी सुटते, हेही मान्य केले पाहिजे. रंगवलेल्या अक्षराचे सौंदर्य कितीही नेमक्या वर्णनाने पूर्णपणे पोहोचत नाही, आणि तोच ज्या प्रकल्पाचा गाभा आहे तो विषय या गटाने घेऊ नये. मार्गदर्शक शिक्षकांना हा बदल लेखी दाखवून घ्यावा आणि गुणांची विभागणी त्याच वेळी विचारावी, कारण पुष्कळदा ‘छायाचित्रे व मांडणी’ यांना वेगळे गुण असतात आणि ते नंतर आडवे येतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ शिक्षणसंस्थांना अशा विद्यार्थ्यांसाठी गरजेनुसार वाजवी सोय करण्यास सांगतो. म्हणून अशी विनंती करताना उपकार मागत असल्यासारखे बोलण्याचे कारण नाही.

पेठेत नोंदी घेणे

दृष्टिहीन विद्यार्थिनी असलेल्या गटात चौघे होते. त्यांनी सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेत तीन दुपारी मिळून ४८ पाट्या नोंदवल्या. वेळ एक ते चारची निवडली होती. त्या वेळात पुष्कळ दुकाने बंद असतात, गर्दी कमी असते, एकमेकांचे बोलणे ऐकू येते आणि मिटलेल्या दारांवरच्या पाट्याही सापडतात.

बरोबर चालताना दृष्टिहीन मैत्रिणीचा हात धरून तिला ओढू नये. तिने तुमचा हात कोपराच्या किंचित वर धरावा आणि तुम्ही अर्धे पाऊल पुढे चालावे. तुमच्या शरीराच्या हालचालीवरून तिला वळण आणि पायरी कळते. पायरी आली की ‘पायरी’ एवढेच न म्हणता ‘एक पायरी वर’ किंवा ‘एक पायरी खाली’ असे सांगावे. पेठांतील पदपथांवर दुचाकी लावलेल्या असतात आणि पुष्कळ ठिकाणी रस्त्यावर उतरूनच पुढे जावे लागते. ते वेळापत्रकात धरावे. आम्ही तासाला दहा पाट्या होतील असे धरले होते. प्रत्यक्षात सहा-सातच्या वर गेलो नाही.

नोंद करण्याची रीत आधीच ठरवून घेतली होती. दिसणारा जोडीदार पाटी जशीच्या तशी, शुद्धलेखनाच्या चुकांसकट, दोनदा वाचतो. ती स्वतःच्या मोबाइलवर मजकूर टंकित करते आणि यंत्राच्या आवाजात परत ऐकवते. जोडीदार पाटीशी ताडून पाहतो. मगच पाटीची जागा, उंची, ती पत्र्याची आहे, फलकावर छापलेली आहे की भिंतीवर रंगवलेली, अशी चार-पाच वाक्यांची माहिती येते. एक नियम मात्र सक्तीचा होता: वाचणाऱ्याने अर्थ सांगायचा नाही. ‘एक रागावलेली पाटी आहे’ असे म्हटले की निष्कर्ष आधी येतो आणि पुरावा मागे पडतो. पाटी नमुन्यात घ्यायची की नाही, हे मजकूर ऐकून दोघांनी मिळून ठरवायचे.

चौथ्या पाटीशी एक गोष्ट घडली. मजकूर होता, ‘फाटकासमोर गाडी लावू नये’. तो लिहून झाल्यावर तिने विचारले, “सगळे शब्द सारखेच मोठे आहेत का?” जोडीदाराने पुन्हा पाहिले. ‘नये’ हा शब्द इतरांच्या दुप्पट आकारात होता. त्याने तो पाहिला होता, पण सांगण्याजोगा वाटला नव्हता. दोघे मागे फिरले, आधीच्या तीन पाट्या पुन्हा तपासल्या, आणि त्या दुपारपासून ‘मोठा शब्द’ असा एक स्वतंत्र रकाना सुरू झाला. तिने विचारले नसते तर हा रकाना झालाच नसता, आणि शेवटी प्रकल्पाचे एक प्रकरण त्याच्यावरच उभे राहिले.

हात लावून पाहण्याविषयीही एक सावधगिरी सांगते. संगमरवरावर कोरलेल्या घराच्या नावावरून बोट फिरवायला देणे चांगलेच, मालकाची परवानगी असेल तर जरूर द्यावे. पण जी व्यक्ती लहानपणापासून ब्रेल शिकली आहे, तिला देवनागरी अक्षरांचे आकार ठाऊक असतीलच असे नाही. बोटाने चाचपून ‘वाच’ असा आग्रह धरू नये.

ऐकू येणारा तक्ता

गोळा केलेली सामग्री सर्वांना सारखी उपलब्ध व्हावी म्हणून छायाचित्रांऐवजी तक्ता हा प्रकल्पाचा मूळ दस्तऐवज मानावा. छायाचित्रे त्याची पुरवणी असतात. आमच्या तक्त्यातील दोन नोंदी अशा होत्या:

```
क्र.,पेठ,मजकूर,नकाररूप,कर्ता,मोठा शब्द
४,सदाशिव,फाटकासमोर गाडी लावू नये,नये,नाही,नये
५,सदाशिव,कृपया येथे गाडी लावू नका,नका,नाही,गाडी
```

पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणारी आज्ञावली, उदाहरणार्थ विनामूल्य मिळणारी NVDA, असा तक्ता खान्याखान्याने वाचते. म्हणून तो तयार करताना तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, पहिल्या ओळीत रकान्यांची नावे असावीत आणि खाने एकमेकांत जोडू नयेत. ‘सदाशिव पेठ’ असा एक लांबलचक जोडलेला खाना दिसायला नीटनेटका असतो, पण ऐकणाऱ्याला तिसऱ्या ओळीनंतर कोणती पेठ चालू आहे ते कळत नाही. प्रत्येक ओळीत पेठ पुन्हा लिहावी. दुसरी, रंगाने काहीही सांगू नये. शंकास्पद नोंदी पिवळ्या करण्याची सवय सर्वांना असते. पिवळा रंग ऐकू येत नाही, म्हणून ‘शंका’ नावाचा रकाना करून त्यात ‘हो’ लिहावे. तिसरी, एक्सेलमध्ये रकान्यांच्या नावांच्या ओळीतील पहिल्या खान्यावर जाऊन NVDA+Shift+C दाबले की पुढे प्रत्येक खान्याबरोबर रकान्याचे नाव ऐकू येते. गूगल शीट्समध्ये Ctrl+Alt+Z ने वाचकाची सोय आधी चालू करावी लागते. हे तिला बहुधा माहीत असतेच. पण तक्ता बनवणाऱ्यालाही माहीत असले, तर तो तिला पाठवण्याआधी स्वतः एकदा ऐकून पाहू शकतो.

मराठीत याखेरीज एक जुने दुखणे आहे. छापखान्यांत आणि अनेक कार्यालयांत अजूनही युनिकोडपूर्व टंक वापरले जातात. पडद्यावर अक्षरे शुद्ध मराठी दिसतात, पण आत साठवलेली असतात रोमन लिपीची चिन्हे, आणि वाचक आज्ञावली ती अर्थहीन इंग्रजी अक्षरे म्हणून वाचते. ओळखण्याची खूण सोपी आहे: त्या मजकुराची एक ओळ उचलून व्हॉट्सॲपमध्ये चिकटवावी. मराठीच उमटले तर ठीक; विचित्र रोमन चिन्हे उमटली तर तो मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा किंवा सरळ नव्याने टंकित करावा. संदर्भासाठी घेतलेल्या लेखांची पाने नुसती चित्ररूपात असतील तर तीही तिच्यासाठी कोरी असतात. गटातील एकाने पहिल्याच आठवड्यात सर्व संदर्भ या नजरेने तपासून ठेवावेत, कारण शेवटच्या आठवड्यात हे काम कोणाकडूनच होत नाही.

मोजणीत ‘नये’ २१, ‘नका’ १३, ‘मनाई’सारखी नामरूपे ८ आणि इतर ६ पाट्या निघाल्या. याचा स्तंभालेख इतरांनी संगणकावर केला; तिच्यासाठी जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापल्या, एका पाटीला अर्धा सेंटिमीटर या प्रमाणात, म्हणजे साडेदहा, साडेसहा, चार आणि तीन सेंटिमीटर, आणि त्या एका फळीवर एकाच रेषेपासून वर चिकटवल्या. काम अर्ध्या तासाचे होते. पण प्रत्यक्ष शोध लागला तो तक्ता ऐकताना. नकाररूपानुसार लावलेला मजकूर तिने एका बैठकीत सलग ऐकला आणि सांगितले की, ‘कृपया’ जवळजवळ नेहमी ‘नका’च्या सोबतीने येते, ‘नये’बरोबर फक्त दोनदा आले आहे. बाकीचे तिघे हीच यादी आठवडाभर पाहत होते.

लिहिणे आणि सादर करणे

लेखनात प्रकरणे आपसांत वाटून घ्यावीत, पण एकाच धारिकेत एकाच वेळी सर्वांनी लिहू नये. दुसऱ्याने टाकलेली प्रत्येक दुरुस्ती मध्येच ऐकू येऊ लागते आणि आपले वाक्य हातून निसटते. आम्ही दिवसाचे तास वाटून घेतले होते. मथळ्यांना नुसते ठळक न करता वर्डमधील मथळ्याची शैली द्यावी. मग NVDA+Space ने ब्राउझ मोड चालू करून H ही कळ दाबत एका मथळ्यावरून दुसऱ्यावर जाता येते.

प्रत्येक छायाचित्राखाली वर्णन लिहावे. ‘पाटी क्र. ४’ हे वर्णन नव्हे. ‘हिरव्या लोखंडी फाटकाला तारेने बांधलेली पत्र्याची पाटी, वर एका ओळीत फाटकासमोर गाडी लावू, खाली दुप्पट आकारात नये’ हे वर्णन झाले, कारण त्यात निष्कर्षाला लागणारी माहिती आहे. ढगाळ आकाश आणि शेजारची सायकल सोडून द्यावी.

सादरीकरणात तिच्याकडे प्रस्तावना किंवा समारोप न देता विश्लेषणाचा भाग द्यावा, तिने केला असेल तो. मुद्द्यांसाठी ब्रेल चिठ्ठ्या किंवा एका कानातील श्रवणिका, तिला सोयीचे असेल ते. पडद्यावर चित्र बदलले की बोलणाऱ्यानेच ‘आता सातवी पाटी’ असे म्हणावे, म्हणजे तिलाही क्रम कळतो. परीक्षक अनेकदा तिच्या भागाविषयीचा प्रश्न शेजारच्याकडे पाहून विचारतात. अशा वेळी शेजारच्याने उत्तर देऊ नये. ‘तो भाग हिने केला आहे’ असे म्हणून थांबावे. याची तालीम केली नसेल तर चांगले मित्रही उत्तर देऊन बसतात, आणि आमच्याकडेही पहिल्या तालमीत तसेच झाले.

गटात कर्णबधिर मित्र असेल तर

पाट्यांचा मजकूर त्याला पूर्णपणे खुला असतो, म्हणून हा विषय आयताच सोयीचा आहे, असे पहिल्यांदा वाटते. इंद्रियांचा कागद भरला की उलटे दिसते. ज्या गटाविषयी सांगते आहे, त्याला पाटी लावणाऱ्यांच्या मुलाखतीही घ्यायच्या होत्या. म्हणजे माहितीचा अर्धा भाग कानांवाटे येणार होता. शिवाय विषय ठरवणे, अर्थ लावणे आणि तोंडी परीक्षा ही सगळी कामे बोलण्यातून होतात.

बैठकीपासून सुरुवात करावी. अर्धवर्तुळात बसावे, प्रकाश बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर पडावा, खिडकी त्याच्या पाठीशी नसावी. एका वेळी एकानेच बोलावे आणि बोलण्याआधी हात वर करावा, म्हणजे कोणाकडे पाहायचे ते मित्राला कळते. ओठ वाचता येत असले तरी ओठांवर सगळे दिसत नाही. ‘पाय’, ‘बाय’ आणि ‘माय’ हे तीन शब्द ओठांवर सारखेच दिसतात. विषयाचा शब्द आधी फळ्यावर लिहिला तर अंदाज बांधणे सोपे जाते. सर्वांत घातक वाक्य म्हणजे ‘नंतर सांगतो’. हसणे झाले, निर्णय झाला, आणि नंतर त्याला एका ओळीत निकाल सांगितला, की तो निर्णयात नव्हता. ठरलेली गोष्ट ठरत असतानाच फळ्यावर किंवा गटाच्या व्हॉट्सॲपवर लिहावी आणि त्याने वाचून मान डोलावल्यावरच पुढे जावे.

लिहून देणे पुरेसे आहे, असेही समजू नये. जो मुलगा लहानपणापासून सांकेतिक भाषेत वाढला आहे, त्याची पहिली भाषा ती आहे. तिचे व्याकरण मराठीपेक्षा वेगळे आहे, आणि लिखित मराठी ही त्याने शिकलेली दुसरी भाषा आहे. लांबलचक लेखी सूचनांपेक्षा छोटी वाक्ये आणि उदाहरणे त्याला अधिक उपयोगी पडतात. ‘नये’ आणि ‘नका’ यांतील फरक तर इतर विद्यार्थ्यांनाही पटकन सांगता येत नाही. तो समजावण्यासाठी आम्ही प्रसंग करून दाखवले: एकाकडे बोट दाखवून सांगणे, आणि कोणाकडेच न पाहता भिंतीवर नियम लावणे. त्याने लगेच दोन्हींसाठी वेगवेगळ्या खुणा ठरवल्या, आणि गटाने पुढे त्याच वापरल्या.

मुलाखतीची पद्धत मात्र मुळापासून बदलली. ‘तुम्ही ही पाटी का लावली?’ असे विचारून दहा मिनिटे ऐकत बसण्याऐवजी त्याने तीन पत्ते बनवले: ‘गाडी लावू नये’, ‘गाडी लावू नका’, ‘कृपया गाडी लावू नका’. पाटीच्या मालकापुढे तो ते टेबलावर मांडी आणि लिहिलेला प्रश्न दाखवी: यांतील कोणती पाटी लोक जास्त मानतील? तिन्ही क्रमाने लावा. मालक पत्ते हलवतात, बोट ठेवतात, कधी एखादा पत्ता बाजूला सारतात. उत्तर डोळ्यांसमोर असते आणि मुलाखत घेणारा तोच असतो. सोबतचा जोडीदार मालकांचे बोललेले शब्द लिहून घेई आणि तिथल्या तिथे त्याला दाखवी, म्हणजे पुढचा प्रश्न त्यालाच विचारता येई. यातून मिळालेली उत्तरे एकमेकांशी ताडता आली. आधीच्या गटांच्या मोकळ्या गप्पांतून तसे कधी करता आले नव्हते.

बोललेले मराठी अक्षरांत उतरवणारी मोबाइलवरील सोय शांत खोलीत बरी चालते. रहदारीच्या रस्त्यावर ती शब्द गाळते आणि नकार गाळला की अर्थ उलटा होतो. ती वापरायचीच असेल तर मोबाइल बोलणाऱ्याच्या जवळ धरावा आणि उतरलेला मजकूर मालकांनाच दाखवून दुरुस्त करून घ्यावा. तोंडी परीक्षेसाठी दुभाषा हवा असेल तर महाविद्यालयाकडे काही आठवडे आधी लेखी मागणी करावी, विषयातील शब्दांची यादी दुभाष्याला आधी द्यावी, आणि परीक्षकांना सांगून ठेवावे की प्रश्न विद्यार्थ्याकडे पाहून विचारावेत, दुभाष्याकडे पाहून नव्हे. दुभाष्याच्या हातांना आणि ध्यानाला थकवा येतो. तासाभराहून लांब सत्र असेल तर दोघांची पाळी लागते.

मध्यावर तपासणे

अर्धे काम झाले की गटाचा व्हॉट्सॲप उघडून गेल्या आठवड्याचे संदेश पाहावेत. नुसती छायाचित्रे असतील तर दृष्टिहीन मैत्रीण संभाषणात नव्हती. नुसते आवाजी संदेश असतील तर कर्णबधिर मित्र नव्हता. उपाय एकच आहे: प्रत्येक छायाचित्राखाली आणि प्रत्येक आवाजी संदेशाखाली, पाठवणाऱ्यानेच, एक ओळ लिहायची. दुसरी तपासणी अशी की, तक्त्यातील कोणतीही एक ओळ काढून गटातील कोणालाही विचारावे की ही नोंद इथे का आहे आणि हिच्यावर शंका का घेतली नाही. ज्याला सांगता येत नाही, त्याच्यापर्यंत काम पोहोचलेले नाही. आमच्या गटात अशा तपासणीत अडकला तो छायाचित्रे काढणारा, पूर्ण दिसणारा मुलगा.

अहवाल सादर करताना शेवटची चूक होते ती पीडीएफ बनवताना. वर्डमधून ‘मुद्रण’ या मार्गाने पीडीएफ केली की मथळे आणि चित्रांची वर्णने गळून पडतात. त्याऐवजी Save As मधून पीडीएफ निवडावी आणि Options मध्ये Document structure tags for accessibility ही खूण चालू आहे ना, ते पाहावे. मग ती धारिका आधी तिला पाठवावी, तिने पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत ऐकावी, आणि तिचा होकार आल्यावरच महाविद्यालयाला द्यावी.